आधी बोट, मग फोन: माझा पहिला स्मार्टफोन एका संध्याकाळी कसा सुरू केला

बारा वर्षं मी बटणांचा फोन वापरला. तो बोटांना पाठ झाला होता, न बघताही मुलीला फोन लावता यायचा. त्यामुळे स्मार्टफोन घरात आला तरी आठ दिवस खोक्यातच राहिला. मग एका शनिवारी नातू शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "आजी, आज सहा ते नऊ मी फक्त तुझ्यासाठी आहे. फोन तुझ्या हातात राहील. मी हात लावणार नाही."

त्या तीन तासांत आम्ही काय केलं आणि कोणत्या क्रमानं केलं, ते इथे लिहिते आहे. ज्यांनी नुकताच पहिला स्मार्टफोन घेतला आहे त्यांच्यासाठी तर आहेच, पण शेजारी बसून शिकवणाऱ्यांसाठीही आहे. माझा फोन अँड्रॉइडचा. सेटिंगांची नावं फोनागणिक थोडी बदलतात. एखादं सापडलं नाही, तर सेटिंग्ज उघडल्यावर वरच्या बाजूला भिंगाचं चिन्ह असतं. तिथे नाव लिहिलं की ते सेटिंग समोर येतं.

खोकं उघडण्याआधी

नातवानं टेबलावर चार वस्तू मांडायला सांगितल्या: नवा फोन, जुना फोन, माझा जवळचा चष्मा आणि एक वही. फोन दुपारीच पूर्ण चार्ज करून ठेवला होता. पहिल्या दिवशी फोन बराच वेळ चालू राहतो, आणि मध्येच चार्जरला जोडला की वायरीमुळे तो नीट हातात धरता येत नाही.

सिमकार्डाचं काम मात्र दोन दिवस आधीच करावं लागलं. जुन्या फोनातलं कार्ड मोठं होतं, आणि नव्या फोनांना नॅनो आकाराचं लागतं, म्हणजे जेमतेम 12 मिलिमीटर लांब आणि 9 मिलिमीटर रुंद. काही मोठ्या कार्डांवर आत लहान आकाराच्या खाचा आधीच पाडलेल्या असतात, तिथून ते अलगद सुटं होतं. माझ्या कार्डावर तशा खाचा नव्हत्या. घरी कात्रीनं कापायचा मोह झाला होता, पण सोनेरी भागाला धक्का लागला तर कार्ड कायमचं बाद होतं. म्हणून कंपनीकडून त्याच नंबरचं नवं कार्ड घेतलं.

इथे एक गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली. जुन्या फोनात काही नंबर सिमवर होते आणि काही फोनच्या आतल्या स्मृतीत. नव्या सिमवर यांपैकी एकही आला नाही. जुना फोन अजून चालू होता म्हणून निभावलं. मी एकेक नंबर वाचला आणि नातवानं वहीत लिहिला. चौसष्ट नंबर होते. त्यांतले बावीस असे निघाले की ते कोणाचे हे आम्हा दोघांनाही आठवेना, ते गाळले. तुम्हीही जुना फोन कोणाला देण्याआधी किंवा मोडीत काढण्याआधी हे काम उरका.

पहिले पडदे

फोन चालू केल्यावर तो एकापाठोपाठ एक प्रश्न विचारतो. भाषा विचारली तेव्हा यादीत खाली जाऊन मराठी निवडली. वाय-फायचा पासवर्ड नातवानं मोठ्यानं वाचला आणि मी एकेक अक्षर टाकलं. पासवर्ड टाकायच्या चौकटीशेजारी डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबलं की ठिपक्यांऐवजी अक्षरं दिसतात. ते आधी दाबलं असतं तर माझे दोन प्रयत्न वाया गेले नसते.

मग खातं. मी म्हणाले, "तुझंच खातं टाक ना, वेळ वाचेल." त्यानं नकार दिला. त्याचं खातं टाकलं असतं तर त्याचे मित्र माझ्या यादीत आले असते, त्याचे फोटो माझ्याकडे आले असते, आणि माझ्या फोनातलं जे काही जपलं जाईल ते त्याच्या नावावर जमा झालं असतं. म्हणून माझ्याच नावानं नवं खातं उघडलं आणि पासवर्ड वहीत लिहिला. पासवर्ड विसरला तर परत मिळवण्यासाठी एक नंबर द्यावा लागतो, तिथे त्यानं मुलाचा नंबर टाकायला सांगितला. फोनच हरवला तर माझा नंबरही त्याच्याबरोबर जाणार, मग परत मिळवायचा निरोप येणार कुठे?

कुलपासाठी सहा आकडी पिन ठेवला. जन्मसाल घेतलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. बोटाच्या ठशाला मात्र वेळ लागला. वयानं आणि कामानं बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात आणि कातडी कोरडी असते. तर्जनी तर फोननं घेतलीच नाही. हात धुऊन, पुसून, थोडं क्रीम चोळून अंगठा लावला तेव्हा ठसा उमटला. त्यानं तोच अंगठा दुसऱ्यांदा, नवा ठसा म्हणून परत नोंदवायला लावला. त्यानंतर दहापैकी आठ वेळा कुलूप उघडू लागलं, आधी पाचच वेळा उघडत होतं.

ठसा असला तरी पिन पाठ असायलाच हवा. फोन बंद करून पुन्हा चालू केला की अंगठा चालत नाही, पिनच मागतो. अधूनमधून, काही दिवसांनी, तो आपणहूनही पिन विचारतो. हे माहीत नसलं की फोन बिघडला असं वाटतं.

बोटाला शिकवणं

इथपर्यंत येता येता मी वैतागले होते, आणि कारण एकच होतं. मी दाबायचे एक आणि व्हायचं भलतंच. चित्रावर बोट ठेवलं की ते उघडण्याऐवजी खाली एक छोटी यादी फुटायची, किंवा चित्रच उचललं जाऊन बोटाबरोबर सरकायचं. मग मी आणखी जोरात दाबायचे.

नातवानं फोन टेबलावर ठेवायला सांगितला आणि विचारलं, "आजी, तू दाबतेस का गं?" त्या प्रश्नानं पुढचं सगळं सोपं झालं.

बटणाला जोर लागतो, काचेला लागत नाही. काचेखाली विजेचं अगदी बारीक जाळं असतं. आपल्या शरीरातून थोडी वीज वाहू शकते, त्यामुळे बोट टेकताच त्या जागेचा विद्युतभार बदलतो आणि फोनला जागा कळते. जोर त्याला कळतच नाही. म्हणूनच नख लावून काही होत नाही, साधा हातमोजा चालत नाही, आणि फार कोरडं बोट कधी लागतं, कधी लागत नाही. फोनला कळतात त्या दोनच गोष्टी: बोट कुठे टेकलं आणि किती वेळ टेकलं. साधारण अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ टेकलं तर त्याला वाटतं की आपल्याला वेगळं काही हवं आहे, आणि तो ती यादी उघडतो. माझं बोट बटणांच्या सवयीनं नेमकं तेवढाच वेळ थांबत होतं.

मग त्यानं सांगितलं, "इस्त्री तापली का बघताना बोट कसं लावतेस? तसं लाव. टेकवायचं आणि उचलायचं."

सराव त्यानं कॅल्क्युलेटरवर करायला लावला, आणि ही युक्ती मी प्रत्येकाला सांगते. कॅल्क्युलेटरमधून कोणाला फोन लागत नाही, निरोप जात नाही, काही पुसलं जात नाही. आकड्यांची बटणं मोठी असतात, आणि बोटाचं काय चुकलं ते लगेच कळतं. 7 दाबल्यावर 77 आला तर बोट थरथरून दोनदा टेकलं. काहीच आलं नाही तर बोट कोरडं आहे किंवा नख लागलं. शेजारचा आकडा आला तर बोट तिरकं पडतंय. माझ्याकडून 8 च्या जागी सारखा 5 येत होता. नातू थोडा वेळ बघत राहिला, मग म्हणाला की मी फोन अंगापासून दूर, आडवा धरते आहे, त्यामुळे बोटाचा टोकाऐवजी खालचा मांसल भाग आधी टेकतो. फोन थोडा उभा करून जवळ धरला आणि आठ आला. त्या महिन्याचा घरखर्च मी तिथेच वहीतून बघून बेरजेला टाकला. वीस मिनिटं गेली असतील. तेवढ्या वेळात बोट हलकं झालं.

मग फोनलाही माझ्याकडे थोडं यायला लावलं. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो. तिथे 'टच अँड होल्ड डिले' असं एक सेटिंग आहे, म्हणजे बोट किती वेळ धरल्यावर त्याला 'धरून ठेवलं' म्हणायचं. ते लहानवरून मोठ्यावर नेलं. आता माझं बोट रेंगाळलं तरी फोन वाट बघतो. हे सेटिंग पहिल्याच दिवशी बदलून घ्या. चित्रं हलतात, गायब होतात, असं म्हणणाऱ्या किती तरी जणींचा त्रास यानं कमी होतो.

डोळ्यांसाठी

अक्षरं मोठी करायच्या दोन पट्ट्या असतात. एकीनं फक्त अक्षर वाढतं, दुसरीनं चित्रं, बटणं, चौकटी सगळंच वाढतं. मी हौसेनं दोन्ही शेवटापर्यंत ओढल्या. वाचायला छान झालं, पण नावांच्या यादीत एका वेळी तीनच नावं दिसू लागली, आणि नवं नाव भरताना 'सेव्ह'चं बटणच दिसेना. ते खाली कुठे तरी ढकललं गेलं होतं. शेवटी अक्षर कमालपेक्षा एक पायरी कमी आणि दुसरी पट्टी नेहमीपेक्षा एकच पायरी जास्त, इथे आम्ही थांबलो. तुम्हीही पट्ट्या सरकवल्यावर नावांची यादी उघडून बघा, बटणं दिसली पाहिजेत.

पडदा अर्ध्या मिनिटात काळा होत होता. मी वाचेपर्यंत कुलूप लागायचं. ती वेळ दोन मिनिटांची केली.

आणखी एक बदल माझ्यासाठी फार मोलाचा ठरला. नव्या फोनांत मागे जायला किंवा पहिल्या पडद्यावर यायला काचेच्या कडेवरून बोट ओढावं लागतं. कडेला काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून ते लक्षात राहत नाही. सेटिंग्जमध्ये 'नॅव्हिगेशन' शोधलं की तीन बटणांचा पर्याय मिळतो. तो घेतला की पडद्याच्या तळाशी तीन खुणा कायम दिसतात. मधली खूण दाबली की कुठूनही पहिल्या पडद्यावर येता येतं. "हरवलीस की मधलं बटण," नातू म्हणाला. त्या संध्याकाळी मी ते पन्नासदा तरी दाबलं असेल.

आलेला फोन घेणं

नातवानं फोन लावण्याआधी फोन घ्यायला शिकवलं. लावणं आपल्या सोयीनं होतं, पण येणारा फोन आपल्यासाठी थांबत नाही. तो आतल्या खोलीत गेला आणि तिथून मला फोन करू लागला.

पहिले तीन मी घेऊच शकले नाही. हिरवं वर्तुळ दिसत होतं, मी त्यावर बोट टेकवत होते, नुकतंच शिकले होते तसं, हलकं. काही होईना. कारण कुलूप लागलेल्या फोनवर ते वर्तुळ टेकवायचं नसतं, त्यावर बोट ठेवून वर ओढायचं असतं. माझ्या फोनवर वर, काहींवर बाजूला. खिशात किंवा पर्समध्ये चुकून स्पर्श झाला तर फोन उचलला जाऊ नये म्हणून ही सोय आहे. चौथा फोन घेतला. पाचवाही.

सहाव्या वेळी मात्र वर्तुळ आलंच नाही. मी तेव्हा कॅल्क्युलेटर उघडून बसले होते. पडद्याच्या वरच्या बाजूला एक लहान पट्टी आली आणि तिच्यावर दोन बटणं होती, घ्या आणि नाकारा. तिथे ओढायचं नाही, टेकवायचं. एकाच फोनवर येणारा फोन असा दोन रूपांत दिसतो: फोन बाजूला पडलेला असेल तर ओढायचा, हातात चालू असेल तर टेकवायचा. शिकवणारे हे सांगायला विसरतात, कारण त्यांचं बोट न सांगता दोन्ही करतं. दोन्ही तऱ्हांनी किमान चार-चार वेळा सराव करा.

बोलताना फोन कानाला लावला की पडदा काळा होतो. मला वाटलं बंद पडला. वरच्या बाजूला एक संवेदक असतो, त्याला गाल जवळ आल्याचं कळतं आणि तो काच बंद ठेवतो, म्हणजे गालानं काही दाबलं जाऊ नये. कानापासून दूर केला की पडदा परत उजळतो आणि फोन ठेवायचं लाल बटण दिसतं. कव्हर जाड असेल किंवा वरची जागा झाकली गेली असेल, तर पडदा काळाच राहतो. तेव्हा आधी कव्हर काढून बघा.

फोन वाजत असताना बाजूचं आवाजाचं बटण दाबलं गेलं तर घंटा गप्प होते, पण फोन तुटत नाही. पलीकडच्याला रिंग ऐकू येतच राहते. माझी पकड नेमकी त्या बटणावर पडत होती, म्हणून फोन खालून धरायची सवय लावून घेतली.

नावं

चौसष्टपैकी बेचाळीस नंबर उरले होते, पण त्या संध्याकाळी आठच भरले, बाकीचे पुढच्या आठवड्यात रोज थोडे. नाव आपण हाक मारतो तसंच लिहायचं. धाकट्या जावेचं पूर्ण नाव आणि आडनाव मी लिहायला घेतलं, तेव्हा नातवानं विचारलं, "घाईत तू तिला कोणत्या नावानं शोधशील?" 'धाकटी' असंच लिहिलं.

मराठी कीबोर्डवर जोडाक्षर करायला आधी पहिलं अक्षर, मग हलन्ताची खूण, मग दुसरं अक्षर असं टाकावं लागतं: स, मग ्, मग न, की स्न होतो. मला ते जमलं, पण वेळ लागतो. कीबोर्डवरच्या माइकचं चिन्ह दाबून बोललं की तो आपोआप लिहितो. बोलून झाल्यावर वाचून बघायचं, नावांत तो हमखास चुकतो.

तो सहा आकडी निरोप

व्हॉट्सअ‍ॅप सुरू करताना माझ्या नंबरवर सहा आकड्यांचा एक निरोप आला. मी उत्साहानं आकडे मोठ्यानं वाचू लागले. नातवानं हात वर केला. "थांब आजी. मलाही सांगू नकोस. तूच टाक."

मला ते थोडं लागलं, खरं सांगते. मग त्यानं समजावलं. हे आकडे म्हणजे हा नंबर माझाच आहे याचा पुरावा. ते दुसऱ्या कोणाला मिळाले, तर तो त्याच्या फोनवर माझ्या नावानं खातं उघडतो, माझ्या फोनवरचं बंद पडतं, आणि मग माझ्याच नात्यातल्यांना तो पैसे मागतो. मागणारा अनोळखी असेलच असं नाही, आधीच फसलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या नावानंही असा निरोप येतो: "चुकून माझा कोड तुला आला, पाठव ना." म्हणून सवयच अशी लावायची की आकडे फक्त डोळ्यांनी वाचायचे आणि स्वतःच्या बोटानं टाकायचे. आपण स्वतः काही सुरू केलेलं नसताना असा निरोप आला, तर तो तसाच राहू द्यायचा आणि कोणालाही द्यायचा नाही.

त्याच वेळी व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये खात्याच्या भागात जाऊन दोन पायऱ्यांची पडताळणी चालू केली. तिचा सहा आकडी पिन वेगळा असतो. तोही वहीत लिहिला, फोनच्या पिनच्या खाली, आणि कुठला कशाचा ते समोर लिहिलं. वही कपाटात असते. फोनच्या कव्हरमध्ये पिनचा कागद ठेवायचा नाही, एवढं त्यानं मला दोनदा सांगितलं.

नऊला दहा मिनिटं कमी होती. त्यानं शेवटचं काम दिलं: फोन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचा आणि मुलीला फोन लावायचा. तो गच्चीवर जाऊन उभा राहिला. माझ्या फोनवर बंद करायला बाजूचं बटण आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र धरावं लागतं, ते आठवायला मला दोन प्रयत्न लागले. फोन परत चालू झाला. मी अंगठा लावला, उघडला नाही. पुन्हा लावला, मग आठवलं, आणि पिन टाकला. मधलं बटण दाबलं, हिरवी खूण टेकवली, यादीत मुलीचं नाव शोधून त्यावर बोट टेकवलं आणि उचललं.

पलीकडे घंटा वाजायला लागली. मुलगी म्हणाली, "हॅलो, आई? आज एवढ्या उशिरा कसा फोन केलास?"